केबल, डिश की अँटेना? ठाण्यात मराठी वाहिन्यांसाठी आम्ही काय ठेवलं आणि का

घोडबंदर रोडला मानपाड्याच्या घरात राहायला आलो तेव्हा टीव्ही दोन झाले. एक हॉलमध्ये, दुसरा सासूबाई आणि अण्णांच्या खोलीत. नवीन कनेक्शन घ्यायचंच होतं, म्हणून तिन्ही पर्यायांच्या चॅनल याद्या मागवून नीट लावून पाहिल्या. आता अख्खा पावसाळा त्यावर काढून झाला आहे, त्यामुळे हे खात्रीने लिहू शकते.

सगळ्यात आधी एक काम करा. कोणाचीही यादी उघडण्यापूर्वी, घरात खरोखर काय लागतं ते कागदावर लिहून काढा. आमच्या कागदावर दहाच नावं आली. बातम्यांसाठी एबीपी माझा, झी 24 तास, टीव्ही 9 मराठी, न्यूज18 लोकमत आणि साम. अण्णांना सह्याद्री हवीच. सासूबाईंच्या मालिकांसाठी स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी. दहावी म्हणजे ठाण्याची स्थानिक केबल वाहिनी, कारण पाणी कोणत्या भागात कधी बंद राहणार, हे अण्णा तिथेच बघतात. जाहिरातीत शेकड्यांनी चॅनल मोजून दाखवतात, पण आम्ही प्रत्येक यादीला एकच प्रश्न विचारला: या दहांपैकी किती?

अँटेनाचं उत्तर सगळ्यात सोपं निघालं. आपल्याकडे जमिनीवरच्या टॉवरवरून टीव्ही प्रक्षेपण फक्त दूरदर्शन करतं, खासगी वाहिन्यांना ती परवानगीच नाही. त्यामुळे अँटेना कितीही भारी घ्या, माझा किंवा प्रवाह त्यावर येणार नाहीत. दूरदर्शनने 2016 मध्ये मुंबईसह 16 शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. ते पकडायला टीव्हीत DVB-T2 ट्यूनर लागतो, म्हणून टीव्हीच्या माहितीपत्रकात हेच शब्द शोधा. नुसतं 'डिजिटल टीव्ही' लिहिलेलं असून उपयोग नाही. मुंबईचा टॉवर वरळीला. माझी ताई वाशीला राहते, तिच्याकडे खिडकीतल्या साध्या अँटेनावर सह्याद्री स्वच्छ दिसते. आमच्याकडे वरळीच्या दिशेला येऊरचे डोंगर आडवे येतात. चित्र चौकोनांत फुटायचं, मग गोठायचं. जुन्या अँटेनावर मुंग्या आल्या तरी बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये तसं नाही, सिग्नल एका पातळीखाली गेला की सगळंच जातं. दहापैकी एक, तीही धड नाही. अँटेना आमच्यासाठी तिथेच संपली.

डीडी फ्री डिशचा विचार मात्र गंभीरपणे केला. डिश आणि बॉक्सचा एकदाचा खर्च, महिन्याचं बिल नाही. पण तिची यादी कशी बनते हे समजून घ्या. प्रसार भारती जागांचा लिलाव करते आणि जागा मिळतात त्या साधारण एप्रिल ते मार्च अशा वर्षासाठी. म्हणजे यंदा आहे ती वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. 1 एप्रिल 2022 पासून स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल या चारही एकदम बाहेर पडल्या होत्या, हे अनेकांना आठवत असेल. दुसरी गोष्ट बॉक्सची. फ्री डिशवर काही वाहिन्या MPEG-2 मध्ये तर काही MPEG-4 मध्ये येतात. जुना MPEG-2 बॉक्स असेल तर यादीत छापलेली वाहिनी तुमच्या टीव्हीवर दिसणार नाही. स्कॅनमध्ये नावच येत नाही, किंवा नाव येतं आणि पडदा काळा राहतो. डिश बरोबर बसलेली असूनही असं झालं तर दोष बॉक्सचा समजा. आम्ही MPEG-4 बॉक्स घेतला. त्यावर सह्याद्री आणि काही मराठी बातम्यांच्या वाहिन्या मिळाल्या, मालिकांच्या तिन्ही मोठ्या वाहिन्या नाहीत.

डिश घेणाऱ्यांनी यादीइतकंच खिडकीकडे बघावं. फ्री डिशचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. ठाण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 57 अंश वर येतो. आमची आग्नेयेची खिडकी सहाव्या मजल्यावर, समोर तीसेक मीटरवर वीस मजली टॉवर. म्हणजे तो आमच्याहून चौदा मजले, सुमारे 42 मीटर उंच, आणि त्याचं टोक 54-55 अंशांवर. फ्री डिश जेमतेम त्याच्या डोक्यावरून निघते. एअरटेलचा उपग्रह 108 अंश पूर्वेचा, तो आणखी पूर्वेकडे आणि फक्त 44 अंशांच्या आसपास, म्हणजे आमच्या खिडकीतून टॉवरमागेच जातो. मोजायला हात लांब करून मूठ धरा, एक मूठ साधारण दहा अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत गेलात तर इंजिनियर येण्याआधीच अंदाज येतो. वरच्या बाल्कनीचा स्लॅबही आड येतो, त्यामुळे डिश कठड्याच्या बाहेर काढावी लागते. सोसायटीची परवानगी आधी घ्या.

पैसे भरून घ्यायच्या डीटीएचवर दहापैकी नऊ वाहिन्या होत्या. नव्हती ती ठाण्याची स्थानिक.

दहाच्या दहा फक्त केबलवर मिळाल्या. बिलाचा हिशेब असा: नेटवर्कचं शुल्क 130 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. फ्री-टू-एअर वाहिन्या त्यातच येतात. पैशांच्या वाहिन्यांची किंमत वेगळी लागते आणि तिच्यावरही जीएसटी. या शुल्कावरची कमाल मर्यादा ट्रायने जुलै 2024 मध्ये काढून टाकली, म्हणून तुमच्या केबलवाल्याला आकडा थेट विचारा आणि ऑपरेटरांमध्ये तुलना करा. आमच्या पहिल्या पॅकमध्ये एकाच वाहिनीची साधी आणि एचडी अशी दोन्ही रूपं होती. त्या दोन वेगळ्या वाहिन्या धरल्या जातात आणि किंमतही दोनदा लागते. आमचा टीव्ही छोटा, फरक दिसतही नव्हता. एचडी काढायला लावली आणि बिल खाली आलं.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. जुलैच्या धो-धो पावसात फ्री डिश मध्येच जायची, कारण या डिश ज्या लहरींवर चालतात त्या जोरदार पावसात क्षीण होतात. सर जरा ओसरली की चित्र आपोआप यायचं. ऊन पडल्यावरही क्वालिटीची पट्टी खालीच राहिली तर मात्र वाऱ्याने डिश हलली आहे असं समजा. केबलवर असं झालं नाही. तिथे अडचण रस्ता खोदल्यावर यायची, वायर तुटायची आणि सगळ्याच वाहिन्या एकदम बंद. एखादीच वाहिनी गेली तर ते पॅकचं काम असतं, तिथे फोन करून 'ती पुन्हा चालू करा' एवढंच सांगायचं.

हॉलमध्ये केबल ठेवली आहे आणि आतल्या खोलीत फ्री डिश. अण्णा सकाळची सह्याद्री आत बघतात, पाण्याची बातमी असली की हॉलमध्ये येतात. दुसऱ्या टीव्हीचं वेगळं केबल शुल्क त्यामुळे वाचतं. फ्री डिशचं ऑटो स्कॅन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा करायचं हे मोबाइलमध्ये लावून ठेवलं आहे, कारण नवी यादी आपोआप बॉक्सवर येईल याचा भरवसा नाही.