ॲपला काय आठवतं: सुट्या नोंदी की एकच परिच्छेद?

लातूरकडच्या शेतकऱ्यांसाठी पीकसल्ल्याचं ॲप आहे असं धरू. ॲपने संवादांतून शेतकऱ्याबद्दल लक्षात ठेवलेलं सेटिंग्जमध्ये दोन तऱ्हांनी दाखवता येतं. एक, सुट्या नोंदी: "सोयाबीन, 4 एकर", "बोअर उन्हाळ्यात आटतो", प्रत्येकीसमोर बदला आणि पुसा. दुसरी, सगळ्याचा मिळून एक परिच्छेद.

परिच्छेद वाचायला सोपा. गोची होते ती बदलताना. यंदा 2 एकर बटईनं दिलं म्हणून शेतकऱ्याने "4 एकर" खोडून "2 एकर" लिहिलं. ॲप हा परिच्छेद जुन्या संवादांतून पुन्हा तयार करत असेल, तर काही दिवसांनी 4 एकर परत हजर! मग माणूस त्या स्क्रीनवर विश्वास का ठेवेल? सुट्या नोंदीला "शेतकऱ्याने स्वतः बदलली" अशी खूण ठेवता येते. जुना संवाद तिच्यावर चढू द्यायचा नाही.

पण नोंदींनाही एक खोड आहे. "4 एकर"वरून ॲपने "बियाणं 4 बॅगा" अशी वेगळी नोंद केलेली असते. मूळ पुसली तरी ती राहते आणि सल्ला जुन्याच हिशेबाने येतो. म्हणून कोणती नोंद कशावरून आली हे साठवा, आणि पुसताना विचारा: "यावरून काढलेली 1 नोंदही पुसायची का?"

मी सुट्या नोंदीच निवडेन. परिच्छेद वर फक्त वाचण्यापुरता, त्याच नोंदींतून बनवलेला. तपासायचं असेल तर "4 एकर" ही नोंद आणि तिच्यावरून काढलेली नोंद पुसा, नवा संवाद उघडा आणि "किती बियाणं लागेल?" विचारा. ॲपने आधी "शेत किती एकर?" असं विचारलं पाहिजे.