मिळकतीची मिलकत झाली तेव्हाच कळायला हवं होतं

एकूण १७,८१६ रुपये गेले. त्यात ३,८१६ मी स्कॅनवरून मजकूर काढून देणाऱ्या एका माणसाला माझ्या हाताने यूपीआयने पाठवले आणि १४,००० पक्षकाराने माझ्या बिलातून कापले. वीस वर्षं कायदेशीर अनुवाद करणारी बाई अशी फसली, हे लिहितानाही लाज वाटते.

काम होतं एका कुटुंबाच्या वाटणीपत्राचं आणि त्यासोबतच्या जुन्या कागदांचं, मराठीतून इंग्रजीत. २१२ पानं. टाइप केलेल्या मजकुराच्या कार्बन प्रती, त्यांची झेरॉक्स, आणि त्या झेरॉक्सचा कुणीतरी १५० डीपीआयवर काढलेला वाकडा स्कॅन. अशा पानावरून थेट अनुवाद केला तर डोळे जातात आणि ओळी सुटतात, म्हणून आधी ओसीआर करून, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं संगणकाकडून वाचून घेऊन, मजकूर शुद्ध करून घ्यायचा, हे मलाही ठाऊक आहे. पण मुदत दहा दिवसांची आणि घरात सासूबाईंचं ऑपरेशन. म्हणून पानाला १८ रुपयांनी त्या माणसाला दिलं. "ताई, प्रत्येक पान हाताने तपासून देतो," असं तो म्हणाला होता. नमुन्याची दोन पानंही सुंदर दिली. ती त्यानेच निवडली होती, आणि गठ्ठ्यातली सगळ्यांत स्वच्छ पानं नेमकी तीच होती. नमुन्याचं पान नेहमी आपण निवडायचं, आणि सगळ्यांत घाणेरडं.

रात्री दहाला फाइल पाठवली, दुसऱ्या दिवशी दुपारी एकला काम हजर. असलं पान मूळ प्रतीशी ताडून बघायला दहा मिनिटं धरली तरी २१२ पानांना पस्तीस तास होतात. मी काय केलं? "वा, तत्पर माणूस!" म्हणून उरलेले पैसे पाठवले.

फाइल उघडल्यावर पहिल्याच पानावर "वडिलोपार्जित मिलकत" दिसलं. पुढे "सगले", "वेगले". अख्ख्या फाइलमध्ये ळ औषधालाही नव्हता. हिंदीत ळ जवळजवळ लागत नाही, त्यामुळे ओसीआरला हिंदीचं मॉडेल लावलं की ळच्या जागी बहुधा ल येतो. त्याने मराठीचं मॉडेल निवडायचीही तसदी घेतली नव्हती. आणि मी? जुन्या कारकुनाची लिहिण्याची पद्धत असेल, अशी स्वतःची समजूत घातली. थकलेली होते, मान्य. पण वीस वर्षांत मी एकाही दस्तात "मिलकत" वाचलेलं नाही.

दुसरी खूण याहून मोठी होती. ८७व्या पानाचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला आहे, तरी त्याच्या फाइलमध्ये ते पान अखंड वाहत होतं. २१२ पानांत "अवाच्य" असा शेरा एकदाही नाही. पान खरंच माणसाने पाहिलं असतं तर निदान पाचपन्नास ठिकाणी तो अडला असता. बिनशंकेची फाइल आली की समजा, कुणी पाहिलेलंच नाही.

त्याने फक्त स्पेलचेक फिरवला होता. त्यामुळे "रवरेदीरवत"चं "खरेदीखत" झालं, पण "घर"चं "धर" झालेलं तसंच राहिलं, कारण धर हाही शब्दच. आकड्यांना तर स्पेलचेक हातच लावत नाही. मुळात "२ एकर ११ गुंठे" होतं, पुसट १ चा ९ झाला आणि मी इमानेइतबारे "2 acres 91 gunthas" लिहिलं. चाळीस गुंठ्यांचा एकर! एकरापुढे ३९च्या वर गुंठे येऊच शकत नाहीत, हे कुणालाही कळतं. पक्षकाराच्या वकिलाला कळलं. मला नाही.

मग सगळं पुन्हा केलं. मूळ प्रती मागवून ३०० डीपीआयवर ग्रेस्केल स्कॅन केला, पानं सरळ केली आणि ओसीआरच्या टेसरॅक्ट प्रोग्रॅममध्ये मराठीचं मॉडेल लावून हे चालवलं:

```
tesseract p087.tif p087 -l mar --psm 6
```

नंतर भाच्याला शेजारी बसवलं. तो मूळ कागदावरचे आकडे मोठ्याने वाचायचा आणि मी पडद्यावर ताडायचे. फक्त आकडे, मजकूर वेगळा. नुसत्या गुंठ्यांतच सात चुका निघाल्या.

तक्रारीचं विचारू नका. हेल्पलाइनवाल्यांनी विचारलं, "ओटीपी सांगितला होता का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. पोलीस ठाण्यात दीड तास बाकड्यावर बसले. साहेब म्हणाले, "मॅडम, फाइल मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." मी "मिलकत" दाखवली. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बरोबर तर आहे." ग्राहक आयोगाकडे जा म्हणाले, तिथल्या कारकुनाने व्यवसायासाठी घेतलेली सेवा आहे म्हणून नाक मुरडलं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकटीने केलेला व्यवसाय त्यातून वगळलाय, हे मीच त्याला सांगितलं. "लेखी द्या," म्हणाला. दिलंय. पोच तेवढी मिळाली.

आणि हो, गोपनीयतेचं लिहून घेतल्याशिवाय कुणाला पान देऊ नका. परवा त्याची जाहिरात पुन्हा दिसली. नमुना म्हणून माझ्या पक्षकाराचं पान लावलंय, भावाबहिणींच्या नावांसकट.