वीस मुलं, बाराशे रुपये: रिटर्न गिफ्टला पाउच द्यावा की कलरिंग बुक आणि खडू?

मुलीच्या पाचव्या बर्थडेला मी पाउच दिले होते आणि सहाव्याला कलरिंग बुक आणि मेणखडू. दोन्ही वेळी मुलं वीसच आणि बजेट बाराशेचं, म्हणून सध्या ज्यांचं ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. दोन्ही वेळी वीसऐवजी चोवीस घेतले होते, कारण कोणाचं ना कोणाचं धाकटं भावंड सोबत येतंच आणि त्याला रिकाम्या हाती पाठवणं बरं वाटत नाही.

पाउचचं कागदावर मस्त जमतं. पाउच, दोन पेन्सिली, रबर, शार्पनर, मागे ओढून सोडायची छोटी गाडी आणि एक चॉकलेट, माझ्या हिशोबाने एका मुलामागे साधारण ५५ रुपये पडत होते, म्हणजे वीस मुलांचे अकराशे. पण पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो तेव्हा कळलं की होलसेलमध्ये प्रत्येक वस्तूचं पाकीट वेगळ्या आकड्याचं असतं. पाउच आणि गाड्या डझनावर, पेन्सिली दहाच्या पाकिटात, रबर आणि शार्पनर वीसच्या डब्यात, चॉकलेट पंचवीसच्या पाकिटात. मला चोवीस हवे होते तर रबराचे दोन डबे घ्यावे लागले आणि सोळा रबर घरी उरले, शार्पनरचंही तेच. पाउच ३००, पेन्सिली २५०, रबर १६०, शार्पनर १६०, गाड्या ३६०, चॉकलेट २५०, सगळे मिळून १४८० झाले. त्यामुळे पाउच करणार असाल तर आधी पाकिटांचे आकडे विचारा आणि मग वस्तू ठरवा.

तरी पैशांचं मी सोडून दिलं असतं. मला खरा त्रास झाला तो निघायच्या वेळी दारात. होलसेलच्या पाकिटात माल मिक्स येतो, म्हणजे एका डझनात चार रंगांच्या गाड्या, रबर कुठे स्ट्रॉबेरीचा तर कुठे बसचा. आम्ही रात्री बसून जे हाताला येईल ते भरलं. मुलांनी पाउच तिथेच उघडले, आणि लाल गाडी याला का, मला हिरवी का, असं सुरू झालं. एक छोटी मुलगी रडायलाच लागली, तिची आई ओशाळली, माझी मुलगी स्वतःच्या वाढदिवशी स्वतःची गाडी तिला देऊन आली आणि मग आत जाऊन गप्प बसली. मला ते फार लागलं. पाच वर्षांच्या मुलांना किंमत कळत नाही, पण शेजारच्याकडे वेगळं आहे हे लगेच कळतं.

पुढच्या वर्षी म्हणून एकच नियम ठेवला, सगळ्यांना अगदी सारखं. अप्पा बळवंत चौकातून चोवीस कलरिंग बुक २० प्रमाणे आणि बारा रंगांचे मेणखडू २८ प्रमाणे घेतले, ११५२ झाले, वर रिबिनीचे तीसेक रुपये. पॅकिंग अर्ध्या तासात झालं, पुस्तकावर खडूचा बॉक्स ठेवायचा आणि रिबीन बांधायची. इथेही दुकानदार गठ्ठ्यातून मिक्स कव्हरची पुस्तकं काढून देतो, तेव्हा "काका, सगळी एकाच कव्हरची द्या" असं स्पष्ट सांगा, नाहीतर परत तोच घोळ.

खडू मात्र न बघता घेऊ नका. एक बॉक्स उघडून पिवळा आणि निळा कागदावर घासून बघा. स्वस्तातले काही खडू नुसते गुळगुळीत घसरतात, रंग फिका उमटतो आणि जोर दिला की मोडतात. एप्रिल-मेमध्ये बर्थडे असेल तर आणलेले खडू उन्हात गाडीत ठेवू नका, मऊ पडून एकमेकांना चिकटतात. चॉकलेटचं तर त्याहून वाईट होतं, पाउचमधली आमची अर्धी वितळली होती.

गोष्टीच्या पुस्तकांचा विचार केला होता, पण मराठी घ्यावं की इंग्लिश यावरच अडलो, वर्गात दोन्ही प्रकारची घरं आहेत. स्टीलची डबी टिकते, आयांना आवडते, मुलं ढुंकूनही बघत नाहीत.

वयाचा फरक पडतो हे मान्य. तीनच्या आतली मुलं खडू तोंडात घालतात, आणि आठ-नऊच्या पुढच्यांना कलरिंग बुक लहान मुलांचं वाटू शकतं, त्यांच्यासाठी मी कदाचित पाउचच करीन पण गाडी आणि चॉकलेट काढून, एकाच रंगाचे पाउच आणि साध्या एकसारख्या पेन्सिली घेऊन. चार ते सातचा ग्रुप असेल तर मी तरी खडूच घेईन. यंदा सातवा आहे, चोवीस बॉक्स आणूनही ठेवलेत.