रंगीत उजेडात बसवलेला चेहरा: Match Color, Gradient Map की Curves?

कार्यक्रमाच्या सगळ्यात चांगल्या फोटोत नेमके नर्तिकेचे डोळे मिटलेले असतात. मग तिला विचारून तिचाच मेकअप रूममधला, पांढऱ्या उजेडातला चेहरा तिथे बसवायचा ठरतं. आकार आणि कोन जुळवणं त्यामानाने सोपं. फोटो उघडा पडतो तो रंगामुळे. फोटोशॉपमध्ये यासाठी तीन वाटा आहेत आणि कोणती घ्यायची हे उजेड कसला आहे त्यावर ठरतं.

कातडीचा दिसणारा रंग म्हणजे कातडीने परतवलेला उजेड. म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. निळ्या एलईडीत लाल जवळजवळ नसतोच, त्यामुळे कातडीतला लालसरपणा दिसण्याचा प्रश्नच येत नाही. वरून अर्धपारदर्शक निळा थर चढवला, तर मूळचा लालसरपणा खालून डोकावत राहतो आणि चेहरा राखट, आजारी दिसतो.

पहिली वाट Match Color. अशा स्वयंचलित पद्धती एका फोटोतल्या रंगांची सरासरी आणि पसारा दुसऱ्यावर लादतात. एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी 2001 साली मांडलेली पद्धत याच तत्त्वाची. संध्याकाळच्या उन्हासाठी मी हीच घेते, कारण त्या उजेडात सगळे रंग थोडेफार शिल्लक असतात. पण संपूर्ण चेहऱ्यावर एकदाच चालवू नका. उन्हाकडची बाजू नारिंगी असते, तर सावलीची बाजू आकाशाच्या उजेडाने निळसर. दोन्हींची सरासरी काढली की मळकट तपकिरी हाती येतो. दोन्ही बाजूंची कडा मऊ ठेवून वेगळी निवड करा आणि Match Color दोनदा चालवा.

दुकानाच्या पाटीचा एकच लाल निऑन असेल, तर Gradient Map. आधी चेहरा कृष्णधवल करायचा, मग काळ्यापासून लालपर्यंतची रंगपट्टी त्यावर चढवायची. इथे कृष्णधवल कसं केलं याला फार महत्त्व आहे. लाल उजेडात डाग, पुटकुळ्या, लालसर चट्टे फिके पडतात. निळ्या उजेडात तेच ठळक होतात. म्हणून Channel Mixer मध्ये Monochrome निवडून लाल निऑनसाठी Red 100, बाकी दोन्ही शून्य; निळ्यासाठी फक्त Blue 100. साध्या Desaturate ने हा फरक पुसला जातो. मग रंग अचूक असूनही कातडी खोटी वाटते आणि बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही.

रंगमंचावर मात्र बहुधा दोन बाजूंनी दोन रंग येतात. तिथे Gradient Map ची एकच पट्टी अपुरी पडते आणि Curves ला पर्याय उरत नाही. समजा, डावीकडून गुलाबी-जांभळा आणि उजवीकडून निळा उजेड आहे. मूळ चेहरा खालच्या थरात असतोच, त्याच्या गालाचं माप घ्या: डावीकडे 205, 40, 150 आणि उजवीकडे 35, 60, 190. बसवायच्या चेहऱ्याचा गाल 190, 140, 115. आता दोन Curves थर करायचे. डावीकडच्या थरात लाल 190 वरून 205 वर, हिरवा 140 वरून 40 वर, निळा 115 वरून 150 वर न्यायचा. उजवीकडच्या थरात हेच आकडे 35, 60 आणि 190 होतील. प्रत्येक थराच्या मास्कवर जिथे तो उजेड पडतो तेवढाच भाग रंगवायचा. नाकाच्या कडेला दोन्ही उजेड मिसळतात, तिथे मऊ ब्रशने एकातून दुसऱ्यात जा.

Multiply थराने हे जमत नाही, कारण तो फक्त गडद करतो आणि आपल्याला निळा वाढवायचा आहे. वाढवताना एक धोका असतो. डोळ्यातल्या पांढऱ्याचा निळा आधीच 220 च्या आसपास असतो, तो 255 ला जाऊन आपटतो. म्हणून वक्ररेषेचं वरचं टोक वाकवून सपाट करा. शिवाय दबलेला निळा चॅनल उचलला की त्यातले दाणे वर येतात. आधी फक्त त्याच चॅनलवर नॉइज कमी करून घ्या.

काम नीट झालं का, हे गालावर बघू नका. डोळ्यातला पांढरा भाग, दात आणि नाकाच्या शेंड्यावरची चमक बघा. कातडीवरची चमक उजेडाचाच रंग घेते, त्यामुळे निळ्या बाजूला पांढरा ठिपका उरला असेल तर काम अपुरं आहे.

मूळ गालाचा एखादा चॅनल 255 ला टेकलेला असेल, तर ते माप खोटं असतं. थोड्या कमी उजळ जागेवर पुन्हा घ्या. आणि बसवायच्या चेहऱ्यावर नाकाची ठळक सावली उलट्या बाजूला पडली असेल, तर तिन्हींपैकी एकही वाट उपयोगाची नाही. दुसरा फोटो शोधा, शक्यतो सपाट, मऊ उजेडातला.