डिस्पॅच जवळ आला की कसं विचारायचं: फोन, फळा की ठरलेल्या वेळेचा निरोप?

काम कुठवर आलं असं बेळगावात विचारलं, की "होतंय की" हे उत्तर हमखास येतं. कन्नड सहकारी "आग्तद री" म्हणतात, अर्थ तोच. काम चालू आहे एवढंच त्यातून कळतं. शुक्रवारी माल पोचेल की नाही, ते कळत नाही.

नव्यानं टीम लीड झालेल्यांना डिस्पॅचच्या आधीचे आठ-दहा दिवस इथंच अडचण येते. न विचारावं तर ऐनवेळी काहीतरी निघतं. सारखं विचारावं तर "आमच्यावर विश्वास नाही काय?" अशी भावना होते. मी उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये सहा जणांची टीम सांभाळताना तीन पद्धती वापरल्या. तिन्हींत काय मिळालं आणि काय हातचं गेलं, ते एकाच कामाच्या आधारानं सांगतो.

काम असं होतं. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचे ५ नमुने मशीनिंग करून, मोजमापाच्या रिपोर्टसह शुक्रवारी सकाळी पुण्याला ग्राहकाकडे द्यायचे. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी गाडीत चढायला हवेत. मी सोमवारपासून फोन सुरू केले, दिवसातून चार-पाच वेळा. व्हीएमसीवरचे सेटर मामा माझ्या दुप्पट अनुभवाचे. सेटिंग सोडून, हात पुसून ते फोन घ्यायचे आणि "होतंय की, सर" म्हणायचे. तपासणीच्या मुलीला मी रोज विचारायचो, "रिपोर्ट झाला काय?" ती म्हणायची, "चालू आहे सर." दोघंही खरंच सांगत होते.

गुरुवारी दुपारी कळलं, की आट्या तपासायचं प्लग गेज कॅलिब्रेशनला गेलंय आणि लॅबकडून परतच आलेलं नाही. त्याची मुदत संपली होती, म्हणून तिनं सोमवारीच पाठवलं होतं. बुधवारी येईल असं तिला वाटलं. बाकीची सगळी मापं भरून तयार होती, पण आट्यांचा रकाना रिकामा. मुदतीतलं गेज नसेल तर तो रकाना भरताच येत नाही, भरला तरी ग्राहक तो रिपोर्ट मान्य करत नाही. माल शनिवारी गेला. लॅबला एक फोन सोमवारी किंवा मंगळवारी गेला असता तर हे टळलं असतं, आणि तो फोन करणं माझंच काम होतं. चार दिवसांत पंधरा-सोळा वेळा विचारूनही मला ते कळलं नाही, कारण मी 'किती झालं' एवढंच विचारत होतो.

फोनची खरी अडचण ही आहे. आपल्या मनात धाकधूक सुरू झाली की आपण विचारतो. ती वेळ समोरच्याच्या कामाची नसते, आणि मशीनवरच्या माणसाला तर फोन घेणं म्हणजे काम थांबवणं. उत्तरं दिवसागणिक तुटक होऊ लागली, आणि लोक आपणहून काही सांगायचे थांबले, की विचारणं जाचक झालंय हे ओळखावं. फोनचा उपयोग एकाच ठिकाणी आहे: अडचण आधीच कळली आहे आणि तासाभरात निर्णय घ्यायचा आहे.

पुढच्या कामाला मी फळा लावला. प्रत्येक जॉबची एक ओळ, पुढं मशीनिंग, तपासणी, कागदपत्रं, पॅकिंग. कुणाला विचारावं लागत नाही आणि सगळ्यांना सगळं दिसतं, हे फार मोलाचं आहे. पॅकिंगवाला स्वतःच बघून खोकी काढून ठेवायचा. पण फळ्याला दोन दुखणी आहेत. एक म्हणजे तो शिळा होतो. मंगळवारची खूण गुरुवारीही तशीच असते, म्हणून प्रत्येक खुणेशेजारी तारीख हवी. दुसरं दुखणं टक्क्यांचं. लोक '९० टक्के' लिहितात आणि ते चुकीचंही नसतं. गेजच्या वेळीही फळा असता तर रिपोर्टपुढं ९० टक्केच दिसलं असतं, आणि उरलेल्या दहा टक्क्यांनीच गाडी अडवली असती. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर 'अडलंय' असं लिहायला माणूस कचरतो, विशेषतः वयानं मोठा.

तिसरी पद्धत ठरलेल्या वेळेच्या निरोपाची. काम सुरू होतानाच सांगायचं, की पहिला आठवडा सोमवारी आणि गुरुवारी, शेवटचे चार दिवस रोज, पहिली पाळी सुटायच्या अर्धा तास आधी सगळ्यांनी निरोप द्यायचा. 'सगळ्यांनी' यातच तिचं मर्म आहे. एकट्या मामांना विचारलं तर तो अविश्वास ठरतो. सगळ्यांना आणि आधी सांगून विचारलं, की तो कामाचा भाग होतो. मी ग्रुपवर टाकतो तो मजकूर असा:

"गुरुवारी सहाला गाडी आहे. उशीर होणार असेल तर ग्राहकाला बुधवारी दुपारपर्यंत कळवायला हवं, म्हणून विचारतोय. तीनच गोष्टी सांगा: काय उरलंय, कुणाकडे अडलंय, गुरुवार जमेल काय. माझं आधी सांगतो: ट्रान्सपोर्ट सांगून ठेवलंय, ग्राहकाकडून ड्रॉइंगची नवी प्रत यायची आहे, ती मी आज मागतो."

विचारण्याचं कारण दिलं, की रोख माणसावर राहत नाही, तारखेवर जातो. 'काय उरलंय' विचारलं, की गेजसारखी गोष्ट बाहेर येते, कारण तिथं "होतंय की" म्हणून भागत नाही. स्वतःचं आधी सांगितलं, की अडलेलं सांगण्यात कमीपणा वाटत नाही. काम कसं करायचं, कुठलं टूल लावायचं, हे मात्र यात विचारायचं नाही. तिथं शिरलात की मामा पुन्हा दोन शब्दांवर येतील.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. कूलंटच्या हातांनी टाइप करता येत नाही, म्हणून आवाजात निरोप चालेल असं मी सांगून ठेवलंय. ज्याला मराठी लिहायला अवघड, तो कन्नडमध्ये बोलतो. मला कळतं, आणि नाही कळलं तर शेजारचा सांगतो. बाहेरचा फाउंड्रीवाला ग्रुपमध्ये नसतो, त्याला फोनच करावा लागतो किंवा गाडी काढून जावं लागतं. आणि सलग तीन दिवस एखाद्याकडून 'काही अडलं नाही, जमेल' एवढंच आलं, तर मी त्याच्याकडे चहाच्या वेळी एकटा जातो. ग्रुपवर विचारत नाही.

तर निवडायचं काय? टीम पाच-सात जणांची आणि मुदत दोन आठवड्यांच्या आतली असेल तर ठरलेल्या वेळेचा निरोप घ्या. एकाच वेळी दहा-बारा जॉब चालू असतील तर फळा हवाच, पण टक्के पुसून टाका आणि 'उरलेलं' असा रकाना करा. शेवटच्या दिवशी दर तासाला विचारू नका. "पाचवा जॉब तपासून झाला की कळवा" अशी एखादी घटना ठरवून द्या आणि फोन खिशात ठेवा.

एक गोष्ट तिन्ही पद्धतींना लागू आहे. पहिल्यांदा "अडलंय" असा निरोप येईल तेव्हा तुम्ही काय करता, ते सगळे बघत असतात. त्या दिवशी आवाज चढला, तर दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचं सगळं "जमेल" होतं. गेजनंतरच्या कामात तपासणीच्या मुलीनं मंगळवारीच सांगितलं, "सर, सरफेस टेबल दुसऱ्या जॉबला अडकलंय, उद्या दुपारपर्यंत मिळणार नाही." मी विचारलं, "रात्रपाळीत मिळालं तर चालेल काय?" तिनं मान डोलावली, मी रात्रपाळीच्या सुपरवायझरशी बोललो, आणि बुधवारी सकाळी रिपोर्ट तिच्या टेबलावर होता.