डिस्क्रीट मॅथ्सची ग्राफ थिअरी वर्कशीट, सहा महिने वापरल्यानंतर

मी बडोद्यात दांडिया बाजारला घरीच बीसीएच्या मुलांच्या शिकवण्या घेते. ही वर्कशीट जुलैमध्ये ऑनलाइन घेतली, १४९ रुपयांना, बारा पानं आणि शेवटी दोन पानं उत्तरं. व्हर्टेक्सची डिग्री, हँडशेक, ऑइलर पाथ, तुम्हाला सिलॅबस माहितीच आहे. तेव्हा लगेच चांगला रिव्ह्यू टाकणार होते, बरं झालं नाही टाकला, कारण ऑगस्टमध्ये प्रश्न नऊ समोर आला आणि तिथून माझं डोकं जे फिरलं ते अजून पूर्ण शांत नाही.

आधी चांगलं सांगते. हँडशेकचा भाग मनापासून आवडला. पंधरा माणसं, सगळ्यांनी सगळ्यांशी हात मिळवला, तर १५ गुणिले १४ भागिले २ म्हणजे १०५, हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. पण लगेच पुढचाच प्रश्न असा, की नऊ माणसं आहेत आणि प्रत्येकाने नेमक्या पाच जणांशी हात मिळवला, एकूण हँडशेक किती? माझ्या एका विद्यार्थिनीने पटकन नऊ पंचे पंचेचाळीस भागिले दोन केलं आणि वहीवर पेन तसंच धरून बसली. मग हळूच म्हणाली, मॅडम, साडेबावीस येतायत. अर्धा हँडशेक कसा होईल? तिला मी काही सांगायचीच गरज पडली नाही, तिचं तिलाच कळलं की असं घडूच शकत नाही. प्रत्येक हँडशेकला दोन हात लागतात म्हणून डिग्रींची बेरीज नेहमी एजेसच्या दुप्पट, म्हणजे नेहमी सम. आणि म्हणूनच विषम डिग्रीचे व्हर्टेक्स कधीही एक, तीन, पाच असे येत नाहीत, शून्य, दोन, चार असेच येतात. हा प्रश्न ज्याने काढला त्याला खरंच शिकवता येतं.

आणि त्याच वर्कशीटमध्ये प्रश्न नऊचं उत्तर बघा. पाच व्हर्टेक्स, अ ब क ड इ. एजेस अशा: अब, अक, अड, बक, बइ, कड, कइ, आणि ड वर एक लूप, म्हणजे ड पासून निघून ड लाच येणारी एज. उत्तरांच्या पानावर डिग्री दिल्यात अ ३, ब ३, क ४, ड ३, इ २, आणि पुढे लिहिलंय, विषम व्हर्टेक्स तीन आहेत म्हणून ऑइलर पाथ नाही. तीन! दोन पानं आधी स्वतःच शिकवलंत की तीन असूच शकत नाहीत. बेरीज करा ना, ३ आणि ३ आणि ४ आणि ३ आणि २, पंधरा. विषम. इथेच काम संपलं, आकृती बघायचीही गरज नाही, उत्तर चूक आहे हे बेरजेनेच कळतं.

मी विक्रेत्याला मेल केला. चार दिवसांनी उत्तर आलं की तुमच्या प्रिंटमध्ये एखादी रेघ पुसट आली असेल, नवीन प्रिंट काढा. खरं सांगते, आधी मलाही पटलं, कारण आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं टोनर तेव्हा संपत आलेलं आणि बारीक रेघा खरंच उडत होत्या. परत बारा पानं काढली, पानाला दोन रुपये, चोवीस रुपये गेले. रेघा सगळ्या ठळक, बेरीज तीच पंधरा. रात्री भांडी घासताना लक्षात आलं की अगं, रेघ उडाली असती तरी असं झालंच नसतं! एक एज गेली की दोन्ही टोकांची डिग्री एकेकाने कमी होते, म्हणजे बेरीज दोनने कमी होते, समची समच राहते. प्रिंट कितीही खराब असो, पंधरा येणारच नाही. विषम बेरीज आली तर चूक मोजणीतच असते, आकृतीत नाही.

आणि चूक होती लूपमध्ये. लूप ही एकच एज, पण तिची दोन्ही टोकं ड लाच चिकटलेली, म्हणून डिग्रीत ती दोन मोजायची. उत्तर लिहिणाऱ्याने एक मोजली. मला वाटतं त्याने अ‍ॅडजसन्सी मॅट्रिक्सच्या ओळींची बेरीज केली असणार, तिथे लूपसाठी कर्णावर बरेच जण १ लिहितात आणि सरळ बेरीज केली की ड ला तीनच मिळतात. माझी मुलंही हेच करतात, म्हणून मी आता सांगते की कर्णावरचा आकडा बेरजेत दोनदा धरा.

आता दुरुस्त करून बघा. ड ची डिग्री चार, बेरीज सोळा, एजेस आठ, जुळलं. विषम फक्त अ आणि ब, ग्राफ सगळा जोडलेला, म्हणजे ऑइलर पाथ आहे! अ ला सुरू, ब ला शेवट: अ, ब, क, अ, ड, ड, क, इ, ब. आठच्या आठ एजेस एकेकदा, बोट फिरवून बघा. म्हणजे नुसता एक आकडा चुकला असं नाही, उत्तरच उलटं झालं. परीक्षेत मुलाने 'नाही' लिहिलं असतं तर पूर्ण मार्क गेले असते, हा माझा राग आहे.

ऑक्टोबरमध्ये मात्र माझं मत जरा बदललं. नवीन बॅचला मी मुद्दाम प्रश्न नऊ उत्तरासकट दिला आणि एवढंच म्हटलं की यात चूक आहे, शोधा. पाऊण तास वर्ग नुसता गजबजला होता. दोघांनी बेरजेवरून पकडली, एकाने थेट पाथ काढूनच दाखवला. एवढं त्यांनी बरोबर उत्तरावरून कधी शिकलं नसतं, म्हणून एक स्टार वाढवते.

तक्रार अजून एकच. चार विषम व्हर्टेक्स आले की ही वर्कशीट 'पाथ नाही' म्हणून थांबते. कोनिग्सबर्गचे सात पूल दिलेत, डिग्री ५, ३, ३, ३, ऑइलरचं १७३६ सालही दिलंय, पण मग किती फेऱ्यांत होईल हे नाही. मी आपली मांडवी घेते. मधे मांडवी, चार दिशांना लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. मांडवीची डिग्री चार, दरवाज्यांची एकेक, विषम चार. एका दमात होत नाही, पण लहेरीपुऱ्याहून मांडवीवरून पाणीगेट आणि चांपानेरहून मांडवीवरून गेंडीगेट, दोन फेऱ्यांत सगळे रस्ते एकेकदा होतात. जोडलेल्या ग्राफमध्ये विषम व्हर्टेक्स चार असोत की सहा, निम्म्या फेऱ्या लागतात. दोन ओळींचं काम होतं, द्यायला हवं होतं.

पैसे परत मागितले होते, मिळाले नाहीत. डिसेंबरमध्ये सुधारित फाइल आली, उत्साहाने उघडली तर प्रश्न नऊमधून लूपच काढून टाकलाय. ड ची डिग्री दोन, बेरीज चौदा, उत्तर बरोबर, पण आता अख्ख्या वर्कशीटमध्ये लूपचा एकही प्रश्न उरला नाही. पाचपैकी तीन स्टार. ज्यांच्याकडे जुनी फाइल आहे त्यांनी ती डिलीट करू नका, नवीन घेणाऱ्यांनी ड वर पेनाने एक लूप काढून घ्या.