मार्चची विक्री मे महिन्यात कमी होते! (आठ महिने वापरल्यानंतर)

इंदूरला घरूनच माहेश्वरी साड्या विकते. दोन मार्केटप्लेस, शिवाय आमची स्वतःची वेबसाइट. तिन्हीकडच्या ऑर्डरी एका शीटमध्ये आणणारं हे सॉफ्टवेअर दिवाळीआधी घेतलं, वर्षाचे पैसे एकदम भरून, कारण तसं दोन महिने फुकट मिळत होते. ही माझी पहिली चूक.

मेमध्ये सीए काकांचा फोन आला. "मार्चची विक्री जीएसटीआर-१ पेक्षा सोळा हजारांनी कमी कशी काय?" मी म्हटलं, शक्यच नाही, त्याच शीटवरून तर १० एप्रिलला रिटर्न भरलं होतं. पुन्हा शीट उघडली, तर खरंच कमी. कोणी हात लावला नव्हता. दोन दिवस मी घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला.

शेवटी एकच साडी धरून बसले. किंमत २१०० रुपये, म्हणजे २००० आणि वर ५ टक्के जीएसटी. २७ मार्चला बिल करून पाठवली, ३१ ला पोचली. ७ एप्रिलच्या सेटलमेंटमध्ये कमिशन, शिपिंग, त्या दोन्हींवरचा १८ टक्के जीएसटी, टीसीएस आणि टीडीएस कापून १६८४.४४ जमा झाले. ११ एप्रिलला बाईंनी साडी परत केली. पुढच्या सेटलमेंटमध्ये कमिशन आणि टीसीएस परत मिळाले, पण जातानाचं शिपिंग गेलं ते गेलंच, वर येतानाचंही लागलं. एकूण १९३४.२४ वळते झाले. म्हणजे साडी घरात आणि खिशातून २४९.८० गेले. (त्यातले दोन रुपये टीडीएसचे आणि ३७.८० जीएसटीचे, ते पुढे क्रेडिटमध्ये मिळतात. पण तो वेगळा हिशोब.)

आता सॉफ्टवेअरने काय केलं? मार्चच्या ओळीत `Delivered` होतं तिथे `Returned` लिहिलं, विक्री शून्य केली आणि २४९.८० चा तोटा मार्चलाच चिकटवला. एप्रिलमध्ये काहीच नाही! अशा आठ साड्या, आठ दुणे सोळा हजार. खरं तर मार्चचं बिल मार्चमध्येच राहायला हवं आणि परतीची क्रेडिट नोट एप्रिलमध्ये यायला हवी. त्यातून मार्च-एप्रिल म्हणजे आर्थिक वर्षच बदलतं. काकांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

कस्टमर केअरचा मुलगा म्हणे, "मॅडम, ऑर्डर तर एकच आहे ना, मग दोन ओळी कशाला?" अरे बाबा, ऑर्डर एक असली तरी घटना दोन आहेत, तारखाही दोन! तीन आठवड्यांत चार जणांना हेच समजावलं. चौथ्या मुलीने मात्र मुकाट्याने सांगितलं की डाउनलोड करताना `Order view` ऐवजी `Transaction view` निवडा. तिथे प्रत्येक घटनेची वेगळी ओळ येते, आपापल्या तारखेची. हे आठ महिने तिथेच होतं. म्हणजे राग अर्धा माझ्यावरही. पण मुखपृष्ठावरचा मोठा आकडा अजूनही जुन्याच पद्धतीने येतो, त्यावर विसंबू नका. मी आता दर महिन्याच्या १० तारखेला घटनांची शीट उतरवून वेगळी ठेवते, तिला नंतर हात लावायचा नाही.

वेबसाइटच्या ऑर्डरींबाबत सावध राहा. तिथलं `Fulfilled` म्हणजे फक्त माल पाठवला. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातून परत आलं तरी ते `Fulfilled`च राहतं आणि सॉफ्टवेअर त्याला विक्री धरतं. कुरिअरची शीट वेगळी चढवली तरच ते सुधारतं. मी आधी तीन स्टार देणार होते, यासाठी दोन करणार होते.

पण परवा एक गंमत झाली. घटनांच्या शीटमधून फक्त परतीच्या ओळी वेगळ्या काढल्या आणि कपाटाशी ताडून बघितल्या, तर सहा साड्या परत आल्याचे पैसे कापलेले, पण साड्या घरी आल्याच नव्हत्या. दोन क्लेमची मुदत निघून गेली होती, चार दाखल केले. तिघांचे पैसे मिळाले, ६३०० रुपये. वर्गणीच्या निम्म्याहून जास्त वसूल! हे जुन्या हाताच्या शीटमध्ये मला कधी दिसलं नसतं, तिथे मी फक्त बँकेत आलेली रक्कम टिपायचे.

तीन स्टार. एक त्या चौथ्या मुलीचा.